१ एप्रिलपासून मेडिक्लेमची कंपनी बदलते आहे: नव्याने रुजू झालेल्यांनी काय करायचं

आपल्या चाकणच्या कारखान्यातला गट आरोग्य विमा, म्हणजे आपण ज्याला सगळेच ‘मेडिक्लेम’ म्हणतो तो, १ एप्रिलपासून दुसऱ्या विमा कंपनीकडे जातो आहे. सोबत टीपीएसुद्धा बदलणार. कार्ड देणं, हॉस्पिटलला मंजुरी देणं, बिलं तपासणं ही रोजची कामं टीपीए करतो. पैसे विमा कंपनीचे असतात. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये तुमचा संबंध येईल तो टीपीएशी.

गेली नऊ वर्षं एचआरमध्ये मेडिक्लेमचं काम माझ्याकडे आहे आणि असा बदल मी तिसऱ्यांदा बघते आहे. दर वेळी घोळ तेच होतात, आणि ते बहुतेक नवीन लोकांच्या वाट्याला येतात, कारण जुनं काय होतं हेच त्यांना माहीत नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी एक सांगून ठेवते. ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना ईएसआयसी लागू आहे. हा लेख त्याहून जास्त पगार असलेल्यांसाठी आहे.

कंपनी का बदलली

गट विम्याची पॉलिसी एका वर्षाची असते. वर्षभरात आपण जितके क्लेम करतो त्यावर पुढच्या वर्षाचा हप्ता ठरतो. सरत्या वर्षात आपले क्लेम भरलेल्या हप्त्यापेक्षा जास्त झाले, त्यातही आईवडिलांच्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा होता. जुन्या कंपनीने हप्ता बराच वाढवून मागितला. नव्या कंपनीने कमी हप्त्यात तयारी दाखवली, पण काही अटी घट्ट केल्या. विम्याची रक्कम तीच आहे, कुटुंबामागे ३ लाख. नवरा-बायको, दोन मुलं आणि आईवडील हेही तेच. म्हणून बरेच जण म्हणतात, ‘मग बदललं काय?’ बदललं ते खालच्या ओळींत.

संरक्षणात नेमका फरक काय

चांगल्या गोष्टी आधी. आधीपासूनचे आजार, उदाहरणार्थ मधुमेह, रक्तदाब, जुनं हृदयाचं दुखणं, नव्या पॉलिसीतही पहिल्या दिवसापासून धरले जातील. वैयक्तिक पॉलिसीत यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आपल्याला थांबावं लागणार नाही. बाळंतपणाची मर्यादा ५०,००० वरून ६०,००० झाली आहे आणि त्यासाठीचा नऊ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ नाही. दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांचा आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा त्याच आजाराचा खर्च पूर्वीसारखाच मिळेल.

आता घट्ट झालेल्या अटी. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ४०,००० मिळत होते, आता ३०,००० मिळतील. आईवडिलांच्या क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारा हिस्सा, म्हणजे को-पे, १० टक्क्यांवरून २० टक्के झाला. आणि तिसरी अट, जी वाचताना सगळ्यात किरकोळ वाटते आणि बिलाच्या दिवशी सगळ्यात जास्त दुखते: खोलीचं भाडं. जुन्या पॉलिसीत रोजचे ६,००० पर्यंत चालत होते. नव्यात विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. आयसीयूला २ टक्के, म्हणजे ६,०००.

‘रोजचे दोन हजार वर गेले तर भरू की आपण’, असं अगदी सहज म्हटलं जातं. पण गणित तसं चालत नाही. बऱ्याच हॉस्पिटलांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या, नर्सिंग यांचे दर खोलीच्या वर्गावर ठरतात. जनरल वॉर्डात एक दर, ट्विन शेअरिंगला वेगळा, सिंगलला आणखी वेगळा. तुम्ही मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की विमा कंपनी ज्या प्रमाणात खोलीचं भाडं कापते त्याच प्रमाणात हे सगळे खर्चही कापते. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा तुमच्या वडिलांची पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. तीन दिवस मुक्काम, खोली ५,००० रुपये रोजची. बिल असं आलं: खोली १५,०००, सर्जन, भूल, थिएटर, फेऱ्या, नर्सिंग मिळून ६०,०००, औषधं आणि साहित्य १८,०००, तपासण्या ७,०००, आणि विम्यात न बसणाऱ्या वस्तू व शुल्क २,०००. एकूण १,०२,०००.

मर्यादा ३,००० ची, घेतली ५,००० ची, म्हणजे पात्रता ६० टक्के. खोलीचे १५,००० पैकी ९,००० धरले. सर्जन वगैरेंचे ६०,००० पैकी ३६,००० धरले. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना आणि आयसीयूच्या भाड्याला ही कात्री लावता येत नाही, असा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे, म्हणून १८,००० आणि ७,००० पूर्ण धरले. शेवटचे २,००० मुळातच बाद. बेरीज ७०,०००. वडिलांचा क्लेम असल्याने त्यातून २० टक्के को-पे, १४,००० गेले. विमा कंपनी देईल ५६,०००. तुमच्या खिशातून ४६,०००.

हेच बिल जुन्या पॉलिसीत गेलं असतं तर खोली मर्यादेत बसली असती, १० टक्के को-पे गेला असता आणि तुम्ही १२,००० भरले असते.

आता त्याच हॉस्पिटलात ३,००० ची खोली घेतली असं धरा. त्या वर्गाचे सर्जन-थिएटरचे दर कमी, समजा ४५,०००. खोली ९,०००, औषधं १८,०००, तपासण्या ७,०००, बाद २,०००, एकूण ८१,०००. धरले ७९,०००, को-पे १५,८००, विमा कंपनी देणार ६३,२००. तुमचे गेले १७,८००. म्हणजे तीन दिवसांच्या खोलीभाड्यातला फरक ६,००० चा, पण खिशाला बसलेला फरक २८,२०० चा. ही एक गोष्ट घरच्या सगळ्यांना, विशेषतः जे दाखल करायला धावपळ करतात त्या भावाला, मेहुण्याला सांगून ठेवा. तुम्ही कंपनीत असता आणि ‘कोणती रूम देऊ?’ हा प्रश्न काउंटरवर त्यांना विचारला जातो.

स्वस्त खोली शिल्लक नाही असं हॉस्पिटलने सांगितलं तर तसं लेखी मागा आणि खोली रिकामी होताच हलवायला सांगा. हलवल्यानंतरच्या दिवसांचा हिशोब तरी सुटतो.

पहिली पायरी: नावं बरोबर द्या

२२ मार्चपर्यंत कुटुंबाची माहिती भरायची आहे. फॉर्म साधा आहे, पण चुका ठरलेल्या. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, अक्षरन् अक्षर. आपल्याकडे बायकोचं आधार माहेरच्या नावाने असतं आणि नवरा फॉर्मवर सासरचं नाव लिहितो. वडिलांच्या आधारवर फक्त जन्मवर्ष असतं, १ जानेवारी धरून, आणि मुलगा खरी जन्मतारीख लिहितो. दाखल करताना कार्डवरचं आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की टीपीए क्वेरी काढतो, आणि पेशंट कॅज्युअल्टीत असताना आपण प्रतिज्ञापत्राच्या मागे लागतो.

वर्षाच्या मध्ये नाव घालता येतं ते दोनच कारणांनी: लग्न झालं किंवा बाळ झालं. दोन्हीला ३० दिवसांची मुदत. बाळाचं नाव ठेवलं नसलं तरी ‘बेबी ऑफ’ लिहून आईच्या नावाने कळवा, बारशाची वाट बघू नका. आईवडिलांचं नाव मात्र आत्ता राहिलं तर पुढच्या एप्रिलपर्यंत राहिलं.

दुसरी पायरी: तारखेचा नियम समजून घ्या

कुठली पॉलिसी लागू, हे दाखल झाल्याच्या तारखेवर ठरतं. डिस्चार्जच्या तारखेवर नाही, बिल भरल्याच्या तारखेवर नाही.

३१ मार्चला रात्री दहाला दाखल झालात आणि ४ एप्रिलला घरी आलात, तर अख्खा क्लेम जुन्या कंपनीचा. त्यानंतर मे महिन्यात फेरतपासणी आणि औषधं झाली तर ६० दिवसांत असलेला तोही खर्च जुन्याच टीपीएकडे पाठवायचा. उलट, २० मार्चला सोनोग्राफी झाली आणि त्याच दुखण्यासाठी ५ एप्रिलला दाखल झालात, तर शस्त्रक्रियेबरोबर सोनोग्राफीचं बिलही नव्या कंपनीकडे, कारण मुख्य क्लेम तिथे आहे.

मागच्या बदलाच्या वेळी आपल्या पेंट शॉपमधल्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला ३० मार्चला डेंग्यूमुळे दाखल केलं. ३ एप्रिलला डिस्चार्ज होता. दरम्यान त्याच्या मोबाईलवर नवं ई-कार्ड आलं आणि त्याने ते काउंटरवर दाखवलं. हॉस्पिटलने शेवटचं बिल नव्या टीपीएकडे पाठवलं. ‘पॉलिसी सुरू होण्याआधीचं ॲडमिशन’ म्हणून नकार आला. जुन्या टीपीएकडे फाइल पुन्हा पाठवण्यात संध्याकाळ झाली. ती बाई सकाळी अकरापासून कपडे भरून, हाताला सलाईनची पट्टी तशीच, पलंगावर बसून होती. म्हणून जुनं कार्ड मे अखेरपर्यंत फोनमधून काढू नका.

ज्यांची शस्त्रक्रिया ठरलेली आहे त्यांनी विशेष लक्ष द्या. जुन्या टीपीएने मार्चमध्ये मंजुरी दिली असली आणि दाखल व्हायची तारीख ३ एप्रिल असली, तर ती मंजुरी उपयोगाची नाही. नव्या टीपीएकडून नव्याने घ्यावी लागेल. तसंच डायलिसिस आणि केमोथेरपी. त्यांची प्रत्येक खेप वेगळं ॲडमिशन धरली जाते, म्हणून १ एप्रिलनंतरची पहिली खेप नव्या कंपनीकडे जाईल. असे पेशंट घरात असतील तर मला मार्चमध्येच येऊन भेटा. त्यांची कागदपत्रं आपण आगाऊ पाठवून ठेवू.

तिसरी पायरी: हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का, हे कसं बघायचं

नव्या टीपीएच्या ॲपवर यादी मिळेल. पण यादीवर संपूर्ण भिस्त ठेवू नका. हॉस्पिटल आणि विमा कंपनीचे करार दरांवरून मोडतात, पुन्हा होतात, आणि यादी मागे राहते. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला फोन करा आणि प्रश्न नेमका विचारा: ‘अमुक विमा कंपनी, अमुक टीपीए, गट पॉलिसी, या शाखेत कॅशलेस चालू आहे का?’ तिन्ही नावं घ्यायची, कारण त्याच टीपीएची दुसरी विमा कंपनी चालत असेल आणि आपली नसेल, असंही होतं. शाखेचंही तसंच. एकाच नावाच्या हॉस्पिटलची पुण्यातली शाखा यादीत असते आणि पिंपरी-चिंचवडमधली नसते.

घराजवळची दोन आणि गावाकडचं एक अशी तीन हॉस्पिटलं आत्ताच बघून ठेवा. आईवडील खेडला, जुन्नरला किंवा आणखी लांब राहत असतील तर गावाकडचं जास्त महत्त्वाचं.

नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी ही सोय सुरू केली आहे. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी निदान ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवावं लागतं. पण हॉस्पिटल त्याला तयार असावं लागतं, आणि लहान हॉस्पिटलं बहुतेकदा तयार होत नाहीत. तेव्हा पैसे भरून नंतर मागण्याची तयारी ठेवा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या बघा. विमा कंपनीची एक वेगळी यादी असते, वगळलेल्या हॉस्पिटलांची. तिथे कॅशलेस नाहीच, नंतरही पैसे मिळत नाहीत. फक्त जिवावरचा प्रसंग किंवा अपघात असेल तर पेशंट स्थिर होईपर्यंतचा खर्च धरतात. आणि दुसरं, तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम. महाराष्ट्रात त्याला नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला असावा. नसेल तर त्यांच्याकडून नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स डिस्चार्जच्या दिवशीच घ्या. नंतर त्या एका कागदासाठी गावाला खेप पडते.

चौथी पायरी: कॅशलेस

ठरलेलं ॲडमिशन असेल तर दोन-तीन दिवस आधी टीपीए डेस्कवर जा. रुग्णाचं आधार, ई-कार्ड, तुमचं कंपनीचं ओळखपत्र आणि डॉक्टरांचा दाखल होण्याचा सल्ला न्या. आगाऊ मंजुरीच्या, म्हणजे प्री-ऑथ फॉर्मचा एक भाग डॉक्टर भरतात. त्यात ‘हा आजार कधीपासून’ हा रकाना असतो. तिथे अंदाजाने काही पडू देऊ नका. जुने कागद दाखवा आणि बरोबर लिहून घ्या. फॉर्मवर एक आणि केस पेपरवर दुसरंच असेल तर तिथेच क्वेरी निघते.

कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी शेवटच्या बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा, असं आयआरडीएआयने २०२४ मध्ये विमा कंपन्यांना बजावलं आहे. तीन तासांवर उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यासाठी जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा. पण घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने बिल टीपीएला पाठवल्यावर. डॉक्टर सकाळी नऊला ‘जा घरी’ म्हणतात आणि बिल दुपारी एकला पाठवलं जातं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. म्हणून डेस्कवर ‘मंजुरी आली का?’ असं विचारत बसू नका. ‘बिल किती वाजता पाठवलं? क्वेरी आली असेल तर मला दाखवा’ असं विचारा. मग अडकलंय कुठे ते लगेच कळतं.

पहिली मंजुरी थोड्याच रकमेची येते, समजा २५,००० ची. लोक घाबरतात. ती सुरुवातीची रक्कम असते. उपचार पुढे सरकतील तशी हॉस्पिटल वाढ मागतं.

आणि कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. कागद अपुरे असले तरी कॅशलेस नाकारतात. पैसे भरून फाइल द्या.

पाचवी पायरी: पैसे भरून नंतर मागणे

दाखल झाल्यापासून २४ तासांत टीपीएला कळवा, ॲपवर किंवा फोनवर, आणि मिळालेला नंबर लिहून ठेवा. डिस्चार्जनंतर ३० दिवसांत फाइल माझ्याकडे द्या. क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. ‘अ’ तुम्ही भरायचा, ‘ब’ हॉस्पिटलने सही-शिक्क्यासह. सोबत डिस्चार्ज समरी, तपशीलवार शेवटचं बिल, पैसे भरल्याची पावती, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांची बिलं आणि प्रत्येक बिलाला त्याची चिठ्ठी, रद्द केलेला चेक. शस्त्रक्रियेत काही बसवलं असेल, लेन्स, स्टेंट किंवा प्लेट, तर त्याचं स्टिकर. अपघात असेल तर हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची, म्हणजे एमएलसीची प्रत.

बिल आणि पावती हे दोन वेगळे कागद आहेत, ही गफलत फार होते. बिल म्हणजे किती झाले. पावती म्हणजे तुम्ही भरले. डिस्चार्जच्या गडबडीत लोक बिल घेऊन निघतात आणि पावती काउंटरवरच राहते. मूळ कागद टीपीएकडे जातात, म्हणून आधी सगळ्याची झेरॉक्स काढून घरी ठेवा.

पैसे कापून आले तर टीपीएच्या पत्रात प्रत्येक कपातीचं कारण असतं. ते पत्र घेऊन या, आपण वर दाखवलेल्या हिशोबासारखं ओळीने तपासू. औषधांवर किंवा तपासण्यांवर खोलीची कात्री चालवलेली दिसली तर ते चूक आहे आणि लेखी भांडता येतं. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं. तिथे दाद लागली नाही तर आयआरडीएआयच्या bimabharosa.irdai.gov.in वर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

एप्रिलचा पहिला आठवडा

संरक्षण ३१ मार्चची मध्यरात्र उलटताच सुरू होतं, पण ई-कार्डं साधारण ५ तारखेला येतील. मधल्या दिवसांत टीपीएच्या यंत्रणेत आपली नावं चढलेली नसतात आणि डेस्कवर ‘तुमचं नाव दिसत नाही’ असं ऐकू येईल. तिथून परत फिरू नका आणि दुसऱ्या हॉस्पिटलची शोधाशोधही करू नका. मला फोन करा, रात्रीचा असला तरी. पॉलिसी क्रमांक आणि तुमचं नाव असलेल्या यादीचं पान मी डेस्कला मेल करेन. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर काम होतं. माझा नंबर गेटवरच्या सूचना फलकावर आणि तुमच्या जॉइनिंग किटच्या मागच्या पानावर आहे. तो घरच्यांच्या फोनमध्येही टाकून द्या.